होलसेलच्या बांगड्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकताना: आधी माप, मग माल

होलसेल बाजारातून माल आणून व्हॉट्सॲप ग्रुपवर विकायला सुरुवात करणाऱ्या बहुतेक जणी पहिला प्रश्न विचारतात, "स्वस्त माल कुठे मिळतो?" त्याचं उत्तर सोपं आहे. मुंबईत असाल तर भुलेश्वर, पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी, नागपूरला असाल तर इतवारी. दोन-चार दुकानं फिरलात की भाव कळतो. अवघड भाग पुढे आहे, तो म्हणजे आणलेला माल शेवटच्या नगापर्यंत विकणं. बांगड्यांमध्ये तर नफा सगळा तिथेच असतो.

हा लेख बांगड्यांबद्दल आहे. स्टेशनरी आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा उल्लेख मध्येमध्ये येईल. पण तिथे मापाचा प्रश्न नसतो, म्हणून त्या तुलनेने सोप्या. बांगड्यांचं तंत्र जमलं तर बाकीचं जमतंच.

सुरुवातीला काय लागेल

- वेगळा मोबाइल नंबर आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. घरच्या नंबरवर धंदा सुरू केलात तर रात्री अकराला "ताई, लाल आहे का?" असे मेसेज येतात, आणि नातेवाइकांच्या मेसेजमध्ये ऑर्डरी हरवतात.
- यूपीआयला जोडलेलं स्वतंत्र बचत खातं. घरखर्च आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात असतील तर नफा झाला की तोटा, हे कधीच कळत नाही.
- आधार आणि पॅन. उद्यम नोंदणी करायची असेल तर ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
- स्टीलची मोजपट्टी, छोटा वजनकाटा, पारदर्शक पिशव्या, चिकटपट्टी, फुग्यांचं प्लास्टिक आणि एक जाड वही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. फक्त मालाची विक्री असेल, ती महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही. काचेच्या साध्या बांगड्यांवर जीएसटी नाही, धातूच्या इमिटेशन दागिन्यांवर मात्र आहे. हा फरक लक्षात ठेवायचं कारण असं, की करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. बेळगावच्या मावशींनी मेटलच्या बांगड्या मागवल्या तर पार्सल पाठवण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

१. माप समजून घ्या

बांगडीवर २.४, २.६, २.८ असे आकडे असतात. हे दशांश नाहीत. टिंबाच्या आधी इंच आणि टिंबानंतर इंचाचे सोळावे भाग, म्हणजे जुन्या हिशोबातले आणे. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार आणे, अर्थात सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. म्हणूनच २.८ च्या पुढचं माप २.१० असतं. नवखी मुलगी ते "दोन पॉइंट एक" समजून लहान माप म्हणून बाजूला ठेवते आणि ऑर्डर उलटी जाते. बाजारात बोलताना "दोन चार", "दोन सहा", "दोन दहा" असंच म्हणा.

हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं असतं. सेंटिमीटरमध्ये ढोबळमानाने असं बसतं:

- २.२ – ५.४ सेंमी
- २.४ – ५.७ सेंमी
- २.६ – ६.० सेंमी
- २.८ – ६.३५ सेंमी
- २.१० – ६.७ सेंमी

दोन शेजारच्या मापांत फक्त तीन मिलिमीटरचा फरक आहे, हे नीट बघा. म्हणून "अंदाजे मध्यम साइज द्या" या मेसेजवर कधीही माल काढू नका. आणि मनगट मोजायलाही सांगू नका, कारण बांगडी अडते ती हाताच्या हाडांवर, मनगटावर नाही. ग्रुपमध्ये कायमचा एक मेसेज असा ठेवा:

"तुम्हाला नीट बसणारी जुनी बांगडी घ्या. ती मोजपट्टीवर ठेवून आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत अंतर मोजा. पट्टीसकट फोटो मला वैयक्तिक पाठवा. माप मी सांगते."

फोटो आला की आकडा वहीत त्या बाईंच्या नावापुढे लिहा. पुढच्या वेळी परत विचारायचं नाही. ही मापांची वही म्हणजे तुमचं खरं भांडवल. चाळीस-पन्नास नावं झाली की तुमच्या ग्रुपला कुठलं माप किती लागतं, हे बाजारात पाऊल टाकायच्या आधीच माहीत असतं.

रुंद पाटल्या, तोडे आणि कडी अंगाला घट्ट बसतात. पातळ बांगडी २.६ लागणारीला रुंद कडं त्याच मापाचं चढेलच असं नाही, हे आधी सांगून ठेवा. स्क्रूने उघडणारी कडी मापाच्या बाबतीत थोडी उदार असतात, त्यामुळे पहिल्या खरेदीत ती काही घ्यायला हरकत नाही.

२. भाव ठरवण्याआधी हे गणित मांडा

होलसेलवाला बऱ्याचदा "सेट" देतो. म्हणजे एका डिझाइनचे इतके बॉक्स, त्यात ठरलेली मापं ठरलेल्या प्रमाणात. सुटे मागितले तर भाव थोडा चढवतो. इथे बहुतेक जणी सेट घेतात, कारण तो स्वस्त वाटतो. आपण आकडे घालून बघू. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारातले घालून हाच हिशोब करा.

समजा मेटलच्या बांगड्यांचा डझनाचा बॉक्स सेटमध्ये ८० रुपयांना आहे. सेट २४ बॉक्सचा: २.४ चे सहा, २.६ चे बारा, २.८ चे सहा. माल झाला १९२० रुपयांचा. जाण्यायेण्याचा खर्च आणि हमाली २४०. पिशव्या, चिकटपट्टी वगैरे बॉक्समागे ५ रुपये धरले तर १२०. एकूण गुंतवणूक २२८० रुपये. विक्री १४० रुपयांना.

सगळे २४ गेले तर ३३६० येतील, म्हणजे १०८० नफा. कागदावर छान दिसतं. पण पैसे कधी निघतात ते बघा. २२८० ला १४० ने भागलं की सतरावा बॉक्स विकल्यावर. म्हणजे पहिल्या सोळा बॉक्समधून तुम्ही फक्त स्वतःचे पैसे परत मिळवताय. नफा जवळजवळ सगळा शेवटच्या सात बॉक्समध्ये आहे, आणि मागे राहणारे सात बॉक्स नेहमी नको असलेल्या मापांचे असतात.

आता ग्रुपमधून खरी मागणी अशी आली: २.४ चे पाच, २.६ चे पंधरा, २.८ चे दोन. सेटमधले २.६ चे बारा संपले, तिघींना "संपलं" म्हणावं लागलं. २.४ चा एक आणि २.८ चे चार पडून राहिले. विकले गेले १९, आले २६६०, नफा ३८०. वर पाच बॉक्स कपाटात आणि तीन नाराज गिऱ्हाइकं.

हीच मागणी आधी गोळा केली असती आणि सुटा माल ८५ रुपयांनी घेतला असता तर? २२ बॉक्सचे १८७० रुपये, खर्च तोच २४०, पॅकिंगचे ११०. एकूण २२२०. विक्री ३०८०, नफा ८६०, आणि शिल्लक शून्य. बॉक्समागे पाच रुपये जास्त देऊनही नफा दुपटीच्या वर गेला.

म्हणून माझा आग्रह एकच: आधी ऑर्डर, मग खरेदी.

३. ग्रुप कसा बांधायचा

सोसायटीच्या किंवा शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर बांगड्यांचे फोटो टाकू नका. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी तक्रार करतं आणि तुमचं नाव खराब होतं. त्या ग्रुपवर ॲडमिनची परवानगी घेऊन एकदाच लिहा, की ज्यांना हवंय त्यांनी वैयक्तिक मेसेज करावा. ज्या स्वतः आल्या त्यांनाच जोडा. न विचारता जोडलेल्या बायका "स्पॅम" म्हणून रिपोर्ट करतात, आणि असे रिपोर्ट साचले की व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं.

साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. कित्येक जणींना हे आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये नंबर कुणाला दिसत नाहीत. पण तिची मर्यादा २५६ जणांची आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य "माझा नंबर सेव्ह करा" हेच सांगायचं.

ग्रुपच केलात तर सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनला टाकता येतील असं करा. नाहीतर सकाळच्या शुभेच्छांमध्ये तुमचा माल वाहून जातो. ऑर्डर वैयक्तिक मेसेजवर घ्या. ग्रुपमध्ये ऑर्डर घेतली की कोणी किती घेतलं हे सगळ्यांना दिसतं आणि घासाघीसही सगळ्यांसमोर होते.

४. फोटो आणि नंबर

दुकानदाराने पाठवलेले फोटो तसेच पुढे ढकलू नका. तोच फोटो त्याने आणखी शेकडो जणींना पाठवलेला असतो, आणि ऑर्डर घेऊन तुम्ही जाईपर्यंत माल संपलेला असतो. पहिल्या फेरीत प्रत्येक डिझाइनचा एकच बॉक्स नमुना म्हणून घ्या आणि स्वतः फोटो काढा.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. ट्यूबलाइटखाली राणी रंग जांभळट दिसतो आणि पोपटी पिवळट. मग "फोटोत वेगळा होता" ही तक्रार ठरलेली. एक फोटो हातात घातलेल्या बांगड्यांचा हवाच, म्हणजे जाडी कळते. चमकी किंवा खडे असतील तर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, फोटोत खड्यांची चमक येत नाही.

प्रत्येक फोटोवर नंबर, किंमत आणि उपलब्ध मापं लिहा. किंमत लपवून "इनबॉक्स करा" म्हणू नका. विचारायला संकोच करणाऱ्या बायका पुढे निघून जातात. ऑर्डरची पद्धत ठरवून द्या: फोटो नंबर, माप, डझन. उदाहरणार्थ "१४ – २.६ – २". असा मेसेज आला की वहीत उतरवायला क्षणभर लागतो आणि "मी हिरव्या म्हटल्या होत्या" हा वाद होत नाही.

५. ऑर्डर बंद करा, ॲडव्हान्स घ्या, मग निघा

आठवड्याचा एक वार धरा. समजा खरेदी मंगळवारी, तर ऑर्डर रविवारी रात्री नऊला बंद. ऑर्डरीसोबत निम्मी रक्कम घ्या. ओळखीच्यांकडून मागायला जड वाटतं, पण ॲडव्हान्स न घेतलेल्या ऑर्डरीतल्या काही हमखास फिरतात, आणि फिरलेली ऑर्डर म्हणजे नेमका तोच पडून राहणारा बॉक्स. ॲडव्हान्सचा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, सख्ख्या वहिनीलासुद्धा. एकीला सवलत दिली की ते दुसरीला कळतंच.

पैसे आले की नाही हे स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. स्वतःच्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन बघा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. अनोळखी नंबरवरून मोठी ऑर्डर देऊन "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

फसवणूक खरेदीच्या बाजूलाही असते. "फॅक्टरी रेट" म्हणून सुंदर फोटो टाकणारे आणि पूर्ण पैसे आधी मागणारे पुरवठादार भरपूर आहेत. पहिली खरेदी समक्ष दुकानात जाऊनच करा. दुकान, माणूस आणि मालाचा दर्जा बघितल्यावर पुढे फोनवर मागवायला हरकत नाही.

६. दुकानात माल बघताना

घाईत घेतलेला माल घरी आल्यावर रडवतो. गर्दीच्या वेळी दुकानदारालाही बोलायला वेळ नसतो, म्हणून सकाळी दुकानं उघडताच जा.

काचेच्या बांगडीला एक जोड असतो. त्या जोडावरून बोट फिरवा. टोचलं तर घेऊ नका, तिथेच ती हात कापते आणि तिथेच ती तडकते. बांगड्या सपाट काउंटरवर ठेवून बघा, वाकडी असेल तर डगमगते. पूर्ण डझन मोजा, कारण मधली एखादी तुटलेली बाहेरून दिसत नाही. चमकीच्या बांगड्यांवर ओला पांढरा रुमाल घासा. रुमालावर रंग उतरला तर साडीवरही उतरेल.

एकाच रंगाचे बॉक्स एकमेकांशेजारी ठेवून बघायला विसरू नका. लॉट बदलला की छटा बदलते. लग्नाच्या हिरव्या चुड्याच्या ऑर्डरीत हे फार महत्त्वाचं, कारण तिथे दोन वेगळे हिरवे लगेच डोळ्यात खुपतात. अशा ऑर्डरीसाठी सगळ्या बांगड्या एकाच लॉटमधून आणि एकाच दिवशी घ्या, आणि फुटतील म्हणून प्रत्येक मापात काही जास्तीच्या घ्या. "नंतर लागल्या तर आणू" हे चालत नाही, तोच हिरवा परत मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: "माप बदलून मिळेल का? किती दिवसांत?" पैसे परत देणारा होलसेलवाला क्वचितच भेटतो, पण माप बदलून देणारे बरेच असतात. जो बदलून देतो त्याच्याकडे दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. बिलावर तारीख, डिझाइन आणि नगांची संख्या लिहून घ्या, कारण बदलायला गेल्यावर काउंटरवर वेगळा माणूस असतो.

स्टेशनरी घेत असाल तर पाकिटावरची एमआरपी बघा. छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे होलसेल भाव आणि एमआरपी यांच्यातलं अंतरच तुमची कमाल कमाई. भांड्यांमध्ये बघायचं वजन. दोन डबे दिसायला सारखे असतात, पण पातळ पत्र्याचा डबा हातात घेतल्यावर कळतो आणि फोटोत कळत नाही.

७. माल पोचवणं

सुरुवातीला शक्यतो आपल्याच भागात विका. एक वार, एक वेळ, इमारतीप्रमाणे पिशव्या. प्रत्येक पिशवीवर नाव, नंबर, माप आणि बाकी रक्कम लिहिलेली. काचेच्या बांगड्या असतील तर गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवा आणि मोजून द्या. फुटलेली निघाली तर तिथल्या तिथे मिटतं.

कुरिअर करायचं असेल तर भाव सांगण्याआधी पार्सल तयार करून मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यातलं जे जास्त, त्यावर पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायला सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. ३० × २० × १५ चा खोका हलक्या बांगड्यांनी भरला, काट्यावर पाऊण किलो भरला, तरी हिशोब १.८ किलोचा लागेल. बांगड्यांसाठी खोका जेवढा लहान तेवढा चांगला, पण काच असेल तर बाजूने जाड थर हवाच. बांगड्यांच्या पोकळीत गुंडाळलेला कागद घट्ट भरा आणि खोका हलवून बघा. आतून आवाज आला तर परत उघडा. वाटेत फुटलेल्या काचेची भरपाई मिळेल असं धरून चालू नका. म्हणून बाहेरगावी मी मेटलच्याच बांगड्या पाठवायला सांगेन.

८. बदलून देण्याचा नियम आणि उरलेला माल

नियम पहिल्याच दिवशी ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा: माप चुकलं तर दोन दिवसांत बदलून मिळेल, वापरलेल्या बांगड्या परत घेतल्या जाणार नाहीत, काच घरी नेल्यावर फुटली तर जबाबदारी आमची नाही. दोन दिवसांचं कारण साधं आहे. होलसेलवाल्याची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी तो बॉक्स तुमच्या हातात परत यायला हवा.

एवढं करूनही थोडा माल राहतोच. नमुन्याचे बॉक्स, परत आलेलं एखादं माप. तो महिनोन्‌महिने सांभाळू नका, मेटलचा रंग दमट हवेत काळवंडतो. महिन्यातून एकदा फक्त मापाप्रमाणे जाहिरात टाका: "२.८ वाल्यांसाठी पाच बॉक्स, खरेदीच्या भावात." मापांची वही उघडून २.८ लागणाऱ्यांनाच वैयक्तिक मेसेज करा, सगळ्या ग्रुपला नाही. ज्यांना नेहमी "तुमचं माप संपलं" ऐकावं लागतं, त्या मोठ्या किंवा लहान मापाच्या बायका अशा मेसेजची वाट बघत असतात. तरीही राहिलं तर गल्लीतल्या कासाराला विचारा. त्यांच्याकडे सगळ्या मापांचे हात येतात आणि खरेदीच्या भावात ते घेऊ शकतात. त्यातून सुटलेले पैसे पुढच्या मंगळवारच्या खरेदीत घाला.